पगाराचा बँड, ग्रेड आणि त्यात तुमची जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या खासगी कंपन्यांच्या एचआरमध्ये मी बरीच वर्षं वेतनरचनेचं काम केलं. आता ओळखीपाळखीतून लोक ऑफर लेटर आणि पगारवाढीची पत्रं पाठवतात आणि विचारतात, ‘बघा ना, हा पगार बरोबर आहे का?’ त्यांच्या प्रश्नांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे: पुण्यातल्या एका कंपनीतली सीनियर डिझाइन इंजिनिअर, सीटीसी १६ लाख, तिच्या ग्रेडचा बँड १२ ते १८ लाख. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशी पत्रं मी शेकड्यांनी पाहिली आहेत.

१. ग्रेड आणि बँड यांत फरक काय?

ग्रेड म्हणजे कंपनीच्या लेखी तुमच्या कामाचं वजन. बँड म्हणजे त्या वजनाच्या कामासाठी ठरवलेली पगाराची पट्टी. या पट्टीला तीन खुणा असतात: किमान, मध्य आणि कमाल. आपल्या उदाहरणात किमान १२ लाख, मध्य म्हणजे मिडपॉइंट १५ लाख आणि कमाल १८ लाख.

काही कंपन्या ग्रेडलाच बँड म्हणतात. ‘मी बँड चारमध्ये आहे’ असं कुणी म्हणालं, तर बहुतेक वेळा तो ग्रेडबद्दल बोलत असतो, पगाराच्या पट्टीबद्दल नाही. एचआरशी बोलताना ‘माझ्या ग्रेडची किमान, मध्य आणि कमाल मर्यादा’ असे शब्द वापरले की गोंधळ होत नाही.

२. बाबा सरकारी नोकरीत होते, त्यांचाही पे बँड होता. हे तेच का?

नाव तेच, चालण्याची पद्धत वेगळी. सहाव्या वेतन आयोगात ९३००–३४८०० असे पे बँड होते आणि त्यावर ४२०० वगैरे ग्रेड पे मिळायचा. सातव्या आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून ही जोडी मोडली आणि पे मॅट्रिक्स आणलं. ४२०० ग्रेड पेवाल्यांचा लेव्हल ६ झाला आणि त्याची सुरुवात ३५,४०० रुपयांवर ठरली. दरवर्षी साधारण ३ टक्क्यांनी माणूस त्याच रकान्यात एक घर खाली सरकतो. तक्ता जाहीर असल्यामुळे आपण कुठे आहोत हे बोट ठेवून दाखवता येतं.

खासगी कंपनीत मधली घरंच नसतात. १२ आणि १८ लाखांच्या मध्ये तुम्ही कुठे बसाल, हे सुरुवातीचा पगार, दरवर्षीचं रेटिंग आणि त्या वर्षीचं बजेट ठरवतं. दहा वर्षं झाली म्हणून पट्टीच्या वरच्या टोकाला पोचाल, असं गृहीत धरू नका.

३. माझा ग्रेड ठरवतं कोण? माझ्या अनुभवावर ठरतो ना?

ग्रेड खुर्चीचा असतो, त्यावर बसणाऱ्याचा नसतो. मोठ्या कंपन्या कामाचं मूल्यमापन करतात. हे पद किती ज्ञान मागतं, किती गुंतागुंतीचे प्रश्न सोडवायला लावतं, चूक झाली तर किती नुकसान होऊ शकतं, या गोष्टींना गुण देतात. Hay ग्रुपची पद्धत आणि मर्सरची पद्धत या त्यातल्या प्रसिद्ध. गुणांची बेरीज ज्या टप्प्यात पडेल तो ग्रेड.

म्हणून पदनामावर जाऊ नका. एका कंपनीतला ‘मॅनेजर’ आणि दुसरीतला ‘लीड’ एकाच वजनाचे असू शकतात. काही ठिकाणी तर ग्राहकासमोर बरं दिसावं म्हणून ‘असोसिएट डायरेक्टर’ हे नाव सढळ हाताने देतात आणि ग्रेड तसाच राहतो.

४. मिडपॉइंटचा आकडा येतो कुठून?

बाजारातून. कंपन्या वेतन सर्वेक्षणात भाग घेतात. आपल्या लोकांचे पगार नावं काढून सर्वेक्षण संस्थेला देतात आणि बदल्यात इतरांचा एकत्रित तक्ता मिळतो. त्यात प्रत्येक पदासाठी २५वा, ५०वा, ७५वा पर्सेंटाइल असतो. ५०वा म्हणजे बरोबर मधला पगार, अर्ध्या लोकांना त्याहून कमी आणि अर्ध्यांना जास्त. बऱ्याच कंपन्या मिडपॉइंट त्याच्या आसपास ठेवतात, मग त्याच्या २० टक्के खाली किमान आणि २० टक्के वर कमाल. १५ लाखांवरून १२ आणि १८ आले ते असे.

इथे दोन गोष्टी विचारण्यासारख्या असतात. एक, तुमची कंपनी कोणत्या कंपन्यांशी तुलना करते? वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना आपला बाजार मानत नसेल, तर तिथल्या मित्राच्या पगाराशी तुमचा बँड जुळणार नाही. दुसरं, पट्टी शेवटची कधी हलवली? दोन-तीन वर्षं न हलवलेल्या पट्टीत तुम्ही अगदी मध्यावर असलात, तरी बाजाराच्या मानाने मागे असता.

५. बँडशी तुलना करताना कोणता पगार धरायचा? सीटीसी की इन-हँड?

या एका प्रश्नावर सगळी बेरीज-वजाबाकी उभी आहे आणि जवळजवळ प्रत्येकजण इथेच चुकतो. इन-हँड तर नाहीच, कारण त्यात तुमचा प्राप्तिकर वजा झालेला असतो. सीटीसीही बहुतेक वेळा चालत नाही. अनेक कंपन्यांचे बँड ठरलेल्या पगारावर, म्हणजे फिक्स्ड पेवर असतात आणि सीटीसीत त्याहून बरंच काही भरलेलं असतं.

आपल्या इंजिनिअरचं पत्र उलगडू. सीटीसी १६,००,०००. त्यात व्हेरिएबल १,६०,०००, म्हणजे कंपनीची आणि तिची कामगिरी पाहून मिळणारी रक्कम. ग्रॅच्युइटी ३८,४८०. हा आकडा बेसिकच्या ४.८१ टक्के असतो आणि तिचं बेसिक ८ लाख आहे. (वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, १५ भागिले २६, भागिले १२ केलं की ४.८१ टक्के येतात.) ही रक्कम हातात येते नोकरी सोडताना, तीही सेवेची अट पूर्ण झाली तर. मग आरोग्य विम्याचा हप्ता १५,०००. हे तिन्ही काढले की उरतात १३,८६,५२०. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्के म्हणजे ९६,००० रुपये, बहुतेक ठिकाणी फिक्स्डमध्ये धरतात, म्हणून तो ठेवला.

आता फरक बघा. १६ लाख धरले तर ती मध्याच्या वर दिसते. १३.८७ लाख धरले तर मध्याच्या बरीच खाली. माणूस तोच, पत्र तेच. म्हणून एचआरला पहिला प्रश्न हा विचारा: ‘आपला बँड फिक्स्डवर आहे की सीटीसीवर, आणि फिक्स्डमध्ये पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरता का?’ उत्तर लेखी मिळालं तर फारच उत्तम.

६. मी बँडमध्ये नेमका कुठे आहे, हे कसं काढायचं?

दोन आकडे काढा. पहिला कंपा-रेशो: तुमचा पगार भागिले मिडपॉइंट. १३,८६,५२० भागिले १५,००,००० म्हणजे ०.९२. दुसरा, पट्टीवरची जागा: किमान मर्यादेपासून तुम्ही किती वर आलात, भागिले पट्टीची एकूण लांबी. १,८६,५२० भागिले ६,००,००० म्हणजे ३१ टक्के. एक्सेलमध्ये B1 मध्ये पगार, B2 मध्ये किमान, B3 मध्ये मध्य आणि B4 मध्ये कमाल लिहून हे टाका:

```
=B1/B3
=(B1-B2)/(B4-B2)
```

दोन आकडे कशाला? कंपा-रेशो बाजाराच्या मधल्या पगाराशी तुलना करतो, दुसरा आकडा वर किती जागा शिल्लक आहे ते सांगतो. ०.९२ ऐकायला जवळजवळ मध्यावर वाटतं, पण ३१ टक्के म्हटलं की ती पट्टीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात आहे हे लगेच दिसतं. ही इंजिनिअर सीटीसी धरून बसली असती, तर तिला हेच आकडे १.०७ आणि ६७ टक्के दिसले असते.

७. कंपा-रेशो किती असला म्हणजे चांगला?

नुसत्या आकड्याला अर्थ नाही, सोबत त्या ग्रेडमधली वर्षं आणि रेटिंग लावावं लागतं. नुकतीच बढती मिळालेल्याचा ०.८० ते ०.९० असणं स्वाभाविक आहे, तो काम शिकतो आहे. काम पूर्ण हातात आलेला माणूस ०.९५ ते १.०५ मध्ये असावा, असं बहुतेक कंपन्यांचं धोरण असतं. १.१० च्या पुढे सहसा असे लोक असतात ज्यांच्यावाचून अडतं किंवा जे त्या ग्रेडमध्ये फार वर्षं आहेत.

आपली इंजिनिअर त्या ग्रेडमध्ये एक वर्ष असेल, तर ०.९२ ठीकच आहे. चौथं वर्ष असेल आणि रेटिंग सतत चांगलं असेल, तर मात्र विचारण्यासारखी गोष्ट आहे. तेव्हा ‘मला पगार कमी वाटतो’ यापेक्षा ‘चार वर्षं चांगल्या रेटिंगनंतर मी मध्याच्या आठ टक्के खाली आहे, मध्यावर येण्यासाठी काय योजना आहे?’ हे वाक्य मॅनेजरला पुढे नेता येतं. त्यालाही वर उत्तर द्यायचं असतं.

८. कंपनी बँड सांगतच नाही. मग?

खासगी कंपनीने बँड जाहीर करावा असा कायदा भारतात नाही, त्यामुळे सक्ती करता येत नाही. पण माहिती बऱ्याचदा वाटते त्यापेक्षा जवळ असते.

आधी ग्रेड शोधा. नेमणूकपत्रावर किंवा पगारवाढीच्या पत्रावर तो असतो. नसेल तर प्रवास आणि विम्याची नियमावली उघडा, हॉटेलच्या भाड्याची मर्यादा आणि विम्याची रक्कम ग्रेडवारच लिहिलेली असते. मग मॅनेजरला पूर्ण पट्टी न मागता जागा विचारा: ‘मी मध्याच्या वर आहे की खाली, साधारण किती?’ आकडे दाखवायला मनाई असलेले मॅनेजरही याचं उत्तर देतात. अंतर्गत भरतीच्या जाहिराती आणि रिक्रूटमेंट कन्सल्टंटने सांगितलेलं ‘बजेट’ यांतूनही अंदाज येतो. फक्त कन्सल्टंट सहसा सीटीसी सांगतो, हे लक्षात ठेवा (प्रश्न ५).

बहुराष्ट्रीय कंपनीत असाल तर आणखी एक वाट आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून आणि कॅलिफोर्नियात २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची मर्यादा छापावी लागते. तुमच्याच कंपनीची, तुमच्याच ग्रेडची तिथली जाहिरात काढा. डॉलरला रुपयांत गुणू नका, त्या आकड्याचा इथे काही उपयोग नाही. पट्टी किती रुंद आहे ते बघा. किमान १,००,००० आणि कमाल १,५०,००० असेल तर रुंदी ५० टक्के. अनेक कंपन्या ग्रेडची रुंदी देशोदेशी सारखी ठेवतात, म्हणून इथल्या पट्टीचा आकार कळतो. एक सावधगिरी: कॅलिफोर्नियात छापतात ती नव्या माणसाला देण्याची अपेक्षित मर्यादा असते, ती पूर्ण बँडपेक्षा आखूड असू शकते.

जर्मनी, नेदरलँड्सकडे असलेल्यांसाठी: युरोपीय संघाच्या २०२३च्या वेतन पारदर्शकता निर्देशाप्रमाणे सदस्य देशांनी ७ जून २०२६ पर्यंत आपापले कायदे करायचे, अशी मुदत ठरली. त्यात स्वतःची वेतनपातळी आणि तशाच कामाचा सरासरी पगार, स्त्री-पुरुष वेगळा करून, विचारण्याचा हक्क आहे. त्या सरासरीवर मिडपॉइंटचा बराच जवळचा अंदाज बांधता येतो.

९. आठ टक्के पगारवाढ मिळाली, तरी बँडमध्ये वर का सरकलो नाही?

कारण पट्टीही सरकते. आपल्या इंजिनिअरला ८ टक्के मिळाले, पगार १४,९७,४४२ झाला. त्याच एप्रिलमध्ये कंपनीने बँड ५ टक्क्यांनी वर नेला, मिडपॉइंट १५,७५,००० झाला. कंपा-रेशो ०.९२ वरून ०.९५. आठातले पाच टक्के जागेवर राहण्यातच गेले. तिला ४ टक्केच मिळाले असते, तर पगार वाढूनही ती पट्टीवर किंचित खाली घसरली असती.

म्हणून पगारवाढीचं पत्र आलं की टक्क्यांसोबत ‘यंदा बँड किती हलला?’ हेही विचारा. हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, आणि तो गोपनीय असण्याचं तसं काही कारणही नसतं.

आणखी एक: एकाच रेटिंगला सगळ्यांना सारखी वाढ मिळत नाही. कंपन्या रेटिंग आणि पट्टीवरची जागा यांचा तक्ता लावतात, त्यात खालच्या भागातल्याला जास्त टक्के आणि वरच्या भागातल्याला कमी. शेजारच्या टेबलावरच्याला सारख्याच रेटिंगवर जास्त टक्के मिळाले, तर तो पट्टीवर तुमच्या खाली असण्याची शक्यता बरीच आहे.

१०. बढती मिळाली, पण पगार जेमतेम वाढला. फसवलं का?

लगेच तसं म्हणू नका. शेजारशेजारच्या ग्रेडचे बँड एकमेकांवर चढलेले असतात. पुढच्या ग्रेडचा मिडपॉइंट १८ लाख असेल, तर पट्टी १४.४ ते २१.६ लाख. आपल्या इंजिनिअरला बढतीबरोबर १० टक्के मिळाले, तर पगार १५,२५,१७२ होतो. नव्या बँडमध्ये कंपा-रेशो ०.८५ आणि जागा १२ टक्क्यांवर. जुन्या पट्टीत ती मधोमध आली असती, नव्यात तळाशी आहे. पण वरची जागा आता २१.६ लाखांपर्यंत आहे, आणि तळाशी असल्यामुळे पुढच्या वर्षांत टक्के चांगले मिळायला हवेत (प्रश्न ९ मधला तक्ता).

खरी चूक दोन ठिकाणी असते. बढतीनंतरही पगार नव्या बँडच्या किमान मर्यादेखाली राहिला, तर ते लगेच उचलून धरा. आणि पदनाम बदललं पण पत्रावर ग्रेड जुनाच असेल, तर ती बढती कागदावरची आहे, बँड बदललेलाच नाही. बढतीचं पत्र हाती आलं की सगळ्यात आधी ग्रेडची ओळ वाचा.

११. माझ्याच ग्रेडमध्ये नवीन आलेल्याला माझ्यापेक्षा जास्त पगार आहे. हे कसं?

हे दुखतं, आणि दुखणं रास्त आहे. नवा माणूस आजच्या बाजारभावाने येतो. जुना माणूस सात-आठ वर्षांपूर्वीच्या पगारावर दरवर्षीचे टक्के चढवत आलेला असतो. बाजार त्याहून वेगाने पळाला की नवा १.०५ वर येतो आणि त्याला काम शिकवणारा ०.९० वर राहतो. दोघेही बँडच्या आतच असल्याने नियम मोडलेला नसतो, त्यामुळे यंत्रणेत कुठेही धोक्याचा दिवा लागत नाही.

मी काम करत असलेल्या एका कंपनीत आम्ही ही यादी पहिल्यांदा काढली, तेव्हा सर्वांत खाली असलेले बरेचसे लोक सर्वांत जुने आणि चांगल्या रेटिंगचे निघाले. त्यांच्यातल्या कुणीच कधी तक्रार केली नव्हती. ती यादी आम्ही दोन वर्षं आधी काढायला हवी होती, असं मला आजही वाटतं. अशा वेळी सहकाऱ्याचा पगार पुढे करू नका, स्वतःची जागा पुढे करा (प्रश्न ७ मधलं वाक्य). वार्षिक वाढीच्या बजेटबाहेर ‘दुरुस्ती’साठी वेगळी रक्कम अनेक कंपन्या राखून ठेवतात. ती बहुधा पत्रं निघण्याआधी दोन-तीन महिने वाटली जाते, म्हणून एप्रिलमध्ये पत्रं येत असतील तर जानेवारीतच बोला.

१२. बँडच्या कमाल मर्यादेला पोचलो. आता वाढ थांबणार?

मूळ पगाराची वाढ थांबते किंवा पट्टी सरकेल तेवढीच होते. समजा पगार १७,६०,०००, वाढ ८ टक्के म्हणजे १,४०,८००. कमाल १८ लाख. मग ४०,००० पगारात मिळतात आणि उरलेले १,००,८०० बऱ्याच कंपन्या एकरकमी देतात. त्या वर्षी खिशात तेवढेच पैसे येतात, पण एकरकमी भाग पुढच्या वर्षीच्या वाढीच्या हिशेबात येत नाही.

कंपन्यांचं विलीनीकरण झालं किंवा ग्रेड नव्याने लावले, की काही लोक कमालच्याही वर सापडतात. त्यांचा पगार सहसा कापत नाहीत, पट्टी वर येऊन त्यांना गाठेपर्यंत गोठवतात. तुम्ही यात असाल, तर गोठवण किती वर्षांची आणि त्या काळात एकरकमी मिळणार का, हे पत्रात लिहून घ्या.

१३. पुण्याहून नागपूरला बदली घेतली किंवा घरून काम करतो, तर बँड बदलतो का?

काही कंपन्या देशभर एकच बँड ठेवतात, काही शहरांचे गट करून वेगळे. दुसऱ्या प्रकारात नागपूरचा मिडपॉइंट कमी असेल, तर पगार न कापताही तुमचा कंपा-रेशो वाढतो. ऐकायला छान, पण परिणाम उलटा: तक्त्यात तुम्ही वर सरकता आणि पुढच्या वाढीचे टक्के कमी होतात. बदलीच्या अर्जावर सही करण्याआधी हे विचारा.

१४. कोणाला हा हिशेब लागू होत नाही?

चाकण, रांजणगाव, सातपूरच्या कारखान्यांतले कायम कामगार युनियनच्या करारावर असतात. तिथे वाढ करारातल्या रकमेने होते, बँडने नाही, त्यामुळे कंपा-रेशो काढू नका, कराराची प्रत वाचा. ठेकेदाराच्या किंवा तिसऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावर असलेल्यांना ज्या कंपनीत बसतात तिचा बँड लागू नसतो. विक्री विभागात बँड बहुधा फिक्स्ड आणि पूर्ण टार्गेटचा इन्सेंटिव्ह मिळून लावतात, म्हणून तिथे प्रश्न ५ मधलं व्हेरिएबल वजा करायचं नाही, शंभर टक्के टार्गेट धरून मिळवायचं.

स्टार्टअपमध्ये शेअर्सचे ऑप्शन असतील तर ते या हिशेबाबाहेर ठेवा. पत्रावर त्यांच्यापुढे लिहिलेली रक्कम कंपनीच्या शेवटच्या मूल्यांकनावरची असते आणि वेस्टिंग पूर्ण होईपर्यंत ते ऑप्शन तुमचे नसतात. फिक्स्डचा कंपा-रेशो वेगळा काढा आणि मगच ठरवा की कमी पडणाऱ्या पगाराच्या बदल्यात ते ऑप्शन तुम्हाला परवडतात का.